हिरवळीवरचा माणूस दिव्याच्या उजेडात: कापून बसवलेल्या व्यक्तीची पांढरी किनार आणि रंगाची झाक कशी काढावी

एका फोटोतली व्यक्ती कापून दुसऱ्या फोटोत बसवली की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत खुपतात. केसांभोवती आणि खांद्यांवर एक पातळ उजळ रेघ दिसते, आणि हनुवटीखाली, हातांच्या आतल्या बाजूला किंवा पांढऱ्या कपड्यावर जुन्या जागेचा रंग पसरलेला राहतो. बरेच जण दोन्हींवर एकच इलाज करतात: मास्क आत ढकलतात, नाहीतर सगळ्या व्यक्तीची छटा फिरवतात. मास्क आत ढकलल्याने माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो, आणि सगळी छटा फिरवली की त्वचा निर्जीव होते. हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून इलाजही वेगवेगळेच करावे लागतात.

इथे एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. मोकळ्या काळ्या केसांची, पांढरा शर्ट घातलेली एक स्त्री इमारतीच्या सावलीत हिरवळीवर उभी आहे. समोरच्या हिरवळीवर ऊन आहे, त्यामुळे तिच्यावर खालून हिरवा उजेड येतो. डोक्यामागे पांढुरके आकाश आहे आणि खांद्यांमागे हिरवे कुंपण. तिला संध्याकाळच्या खोलीत बसवायचे आहे. खोलीत डावीकडे पिवळसर दिवा, मागे तपकिरी भिंत आणि खाली लाकडी जमीन आहे. पायऱ्या फोटोशॉपमधल्या आहेत.

किनार का दिसते

केसाच्या कडेवरचा एक पिक्सेल घ्या. त्यात अर्धा केस आणि अर्धे आकाश आहे. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर केसाची उजळता साधारण ३५ आणि आकाशाची २४५, म्हणून कॅमेऱ्याने त्या पिक्सेलची नोंद १४० अशी केली. मास्कने त्याला बरोबर ५० टक्के अपारदर्शकता दिली, म्हणजे मास्कची काहीच चूक नाही. आता मागे ९० उजळतेची भिंत आली. जे दिसायला हवे ते ३५ आणि ९० यांच्या मधोमध, म्हणजे ६२ च्या आसपास. प्रत्यक्षात १४० चा निम्मा आणि ९० चा निम्मा मिळून ११५ येतात. केस ३५, भिंत ९० आणि त्यांच्या मधली रेघ ११५, दोघांपेक्षाही उजळ! खऱ्या फोटोत असे सहसा होत नाही, म्हणून डोळा ते चटकन पकडतो.

म्हणजे मास्क अचूक असला तरी किनार दिसणारच, कारण जुने आकाश पिक्सेलच्या रंगातच मिसळलेले आहे. फोनच्या फोटोत यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे फोन स्वतःच करतो ते शार्पनिंग: त्याने गडद कडेच्या बाहेर उजळ रेघ ओढली जाते. दुसरी म्हणजे जेपेग. त्यात बहुतेक वेळा रंगाची माहिती उजळतेपेक्षा निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे कुंपणाचा हिरवा रंग कडेच्या आत दोन-तीन पिक्सेल शिरलेला असतो. मास्क एक पिक्सेल आत घेतला की उजळ रेघ जाते पण हिरवट पट्टा राहतो, तो याचमुळे.

झाकेचे तसे नाही. हनुवटीखालचा हिरवेपणा ही मिसळण कडेवरच्या पिक्सेलपुरती नसते, तो उजेड खरोखर तिच्या त्वचेवर पडलेला होता. तो कडेपासून दूर, मऊ आणि रुंद पसरलेला असतो. मास्कशी त्याचा काही संबंध नाही.

मांडणी: मास्क लेयरवर नको, ग्रुपवर घ्या

सगळ्या कामाचा पाया हाच आहे. व्यक्ती कापून बाकीचे पिक्सेल पुसून टाकू नका. तिचा पूर्ण फोटो, जुन्या पार्श्वभूमीसकट, खोलीच्या फोटोवर लेयर म्हणून आणा. `Select > Select and Mask` मधून निवड करा, केसांवर `Refine Edge Brush` फिरवा, `Decontaminate Colors` बंद ठेवा आणि `Output To` मध्ये `Layer Mask` निवडा. मग त्या लेयरला `Ctrl+G` ने ग्रुपमध्ये घाला आणि मास्क लेयरवरून ओढून ग्रुपवर ठेवा. आता ग्रुपच्या आत पूर्ण फोटो आहे आणि कापणी फक्त बाहेरून लागते.

त्यानंतर ग्रुपचा ब्लेंड मोड `Pass Through` वरून `Normal` करा. म्हणजे आत घातलेले रंगाचे ॲडजस्टमेंट लेयर ग्रुपपुरतेच राहतात.

या मांडणीचा फायदा मोठा आहे. आत तुम्ही रंग कडेच्या बाहेरपर्यंत मोकळेपणाने पसरवू शकता आणि कडेचा आकार तसाच राहतो. `Decontaminate Colors` किंवा `Layer > Matting > Defringe` हेही मुळात तेच करतात, म्हणजे आतला रंग बाहेर ओढतात, पण कुठून किती ओढायचा हे ते स्वतः ठरवतात आणि नंतर दुरुस्तीला वाव राहत नाही. साध्या, कडक कडेच्या वस्तूंना ते पुरतात. मोकळ्या केसांना पुरत नाहीत.

सुरू करण्यापूर्वी सगळ्यात वर एक चाचणीचा लेयर घाला: `Hue/Saturation` घेऊन `Saturation` +७० करा. तो चालू केला की एरवी न जाणवणारी झाक भडक होऊन समोर येते. काम करताना तो बंद ठेवा, तपासताना चालू करा आणि शेवटी काढून टाका.

पहिले काम: हिरवी झाक

त्वचेवरची हिरवी झाक हिरवी दिसत नाही, इथेच बरेच जण फसतात. गालावरची स्वच्छ जागा मोजली तर साधारण लाल १९०, हिरवा १५०, निळा १२५ मिळतात. याची छटा रंगचक्रावर सुमारे २३ अंशांवर येते, म्हणजे नारिंगी. हनुवटीखाली मोजले तर १५०, १४५, ९५ मिळतात आणि छटा ५५ अंशांच्या जवळ जाते, म्हणजे पिवळी. म्हणूनच `Hue/Saturation` मध्ये `Greens` निवडून कितीही सरकवले तरी हनुवटीवर फारसा फरक पडत नाही. तिथला रंग `Yellows` मध्ये बसतो.

`Yellows` मध्ये जाऊन हाताने ओढण्यापेक्षा एक नेमका मार्ग आहे. नियम साधा आहे: हिरवा आकडा लाल आणि निळा यांच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर तो सरासरीवर आणायचा, कमी असेल तर हात लावायचा नाही.

```
G' = min(G, (R + B) / 2)
```

हे फोटोशॉपमध्ये असे करा. ग्रुपच्या आत, फोटोच्या वर `Channel Mixer` हा ॲडजस्टमेंट लेयर घाला. `Output Channel` मध्ये `Green` निवडून `Red` +५०, `Green` ०, `Blue` +५० करा. सगळी व्यक्ती क्षणभर विचित्र दिसेल. मग त्या लेयरचा मोड `Darken` करा. हा मोड प्रत्येक चॅनेलमधला लहान आकडा ठेवतो. लाल आणि निळ्याला आपण हात लावलेला नाही, म्हणून ते तसेच राहतात, आणि हिरव्यावर वरचा नियम आपोआप लागतो.

आकड्यांवर ताडून पाहा. हनुवटीखाली लाल १५० आणि निळा ९५ यांची सरासरी १२२. हिरवा १४५ वरून १२२ वर येतो आणि छटा ३० अंशांच्या आत परतते, म्हणजे गालाच्या शेजारी. गालावर सरासरी १५७ आहे आणि हिरवा १५०, म्हणून गाल जसाच्या तसा राहतो. शर्टाच्या खालच्या भागावर २०५, २२२, २०० होते. ते २०५, २०२, २०० होतात, म्हणजे जवळजवळ पांढरे. मास्क न रंगवताच इलाज जिथे हवा तिथेच लागतो, ही या पद्धतीची खरी खुबी आहे.

आणखी एक काम यातच होऊन जाते. कुंपणासमोर आलेल्या बटांमध्ये ७०, ९५, ५० असा हिरवा मिसळलेला आहे. मिक्सर पूर्ण फोटोवर चालतो, म्हणून तो ७०, ६०, ५० होतो, म्हणजे मळकट तपकिरी. केसांच्या आणि नव्या भिंतीच्या मध्ये तो सहज मुरतो. जेपेगमुळे आत शिरलेला हिरवट पट्टाही याच फटक्यात जातो.

आता मर्यादा. पिवळ्या वस्तूंवर हा नियम चुकीचा लागतो. तिच्या गळ्यात २२०, १८०, ४० असा पिवळा स्कार्फ असता तर हिरवा १३० वर येऊन स्कार्फ नारिंगी झाला असता. हिरवे खडे, पाने, हिरवी काठाची पट्टी यांचा मूळ हिरवाही मारला जातो. अशा वस्तूंवर मिक्सरच्या मास्कमध्ये काळा ब्रश फिरवा. दुसरे म्हणजे हिरवा कमी झाला की उजेड कमी होतो, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजळतेत हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. हनुवटीखाली सुमारे दहा टक्के काळोख वाढतो. बहुधा तो चालतो, कारण खोलीत तिथे खालून तेवढा उजेड नसतोच. पण शर्टाचा खालचा भाग मळका वाटला तर `Curves` चा मधला बिंदू थोडा वर उचलून फक्त तेवढ्याच जागी मास्कने लावा.

निळी झाक असेल तर हीच युक्ती `Output Channel` मध्ये `Blue` घेऊन, `Red` +५०, `Green` +५०, `Blue` ० ठेवून चालते, निळे कपडे मात्र वगळावे लागतात. लाल किंवा नारिंगी झाकेला ती अजिबात वापरू नका. त्वचेत मुळातच लाल सर्वांत जास्त असतो, त्यामुळे चेहरा राखेसारखा होतो. तिथे गालावरच्या स्वच्छ जागेचा रंग उचला, `Color` मोडच्या रिकाम्या लेयरवर मऊ ब्रशने झाकेच्या जागी रंगवा आणि अपारदर्शकता ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. वेळ लागतो, पण दुसरा भरवशाचा उपाय नाही.

दुसरे काम: खांदे आणि शर्टाची कड

३०० टक्के झूम करा. ग्रुपच्या आत फोटोच्या लगेच वर, मिक्सरच्या खाली एक रिकामा लेयर घ्या, `Clone Stamp` घेऊन `Sample` मध्ये `Current & Below` ठेवा आणि शेजारचा, वर्तुळात तिरकी रेघ असलेला बटण दाबा, म्हणजे ॲडजस्टमेंट लेयर दुसऱ्यांदा लागणार नाहीत. मऊ ब्रश १२ ते १५ पिक्सेलचा घ्या. कडेपासून सहा-सात पिक्सेल आतली जागा `Alt` दाबून उचला आणि कडेला समांतर, कडेच्या थोडे बाहेरपर्यंत रंगवत जा. मास्क ग्रुपवर असल्याने बाहेर गेलेला रंग दिसत नाही, पण अर्धपारदर्शक पिक्सेलांत आता कुंपणाऐवजी शर्टाचा रंग भरलेला असतो. शर्टाची घडी कडेला येऊन मिळते तिथे प्रत्येक वेळी नवा नमुना उचला, नाहीतर घडी मध्येच तुटलेली दिसेल.

एवढे झाल्यावरही रेघ उरली तरच मास्कला हात लावा. मास्क निवडून `Filter > Other > Minimum` मध्ये `Roundness` ठेवा आणि ०.५ ते १ पिक्सेल द्या. याहून जास्त गरज पडत असेल तर रंग नीट भरला गेलेला नाही, मागे जा. केसांवर `Minimum` कधीही चालवू नका, सगळ्या बटा गळून पडतात. आधी केसांचा भाग निवडीतून वगळा.

तिसरे काम: आकाशासमोरचे केस

पांढऱ्या आकाशासमोरचे काळे केस एका युक्तीने फार छान सुटतात, आणि ती युक्ती मास्कवर अवलंबून नाही. मूळ फोटोची एक प्रत ग्रुपच्या खाली आणि खोलीच्या वर ठेवा, मोड `Multiply` करा. या मोडमध्ये पांढरे अदृश्य होते आणि गडद तेवढे उरते. मात्र आकाश २४५ वर आहे, पूर्ण पांढरे नाही, म्हणून ते भिंतीवर हलका डाग सोडेल. या प्रतीला क्लिप करून `Levels` घाला आणि उजवा सरकता बिंदू २४० पर्यंत आत आणा, म्हणजे आकाश २५५ होईल. `Info` पॅनेलमध्ये डोक्याभोवती चार-पाच ठिकाणी कर्सर नेऊन खात्री करा. काळे केस असतील तर `Black & White` ही क्लिप करा, आकाशाची निळसर छटा निघून जाईल.

आता या प्रतीला काळा मास्क द्या आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त डोक्याभोवतीचा, आकाशासमोरचा पट्टा उघडा. कुंपण सुरू होते त्याच्या जरा वरच थांबा. मग ग्रुपच्या मास्कमध्ये मोकळ्या बटा काळ्या ब्रशने थोड्या झाका, म्हणजे उजळ रेघवाले पिक्सेल जातील आणि त्यांच्या जागी खालच्या `Multiply` मधल्या बटा दिसतील. तोच आधीचा पिक्सेल पुन्हा मोजा: १४० चा `Levels` नंतर सुमारे १४९ होतो, आणि ९० च्या भिंतीवर गुणला की ५३ च्या जवळ येतो. हवे होते ६२. आधीच्या ११५ शी तुलना केली तर फरक डोळ्याला दिसतोच.

हे फक्त पांढुरक्या पार्श्वभूमीसमोर चालते. कुंपणासमोरच्या बटांसाठी मिक्सरने केलेला तपकिरी रंग बहुतेक पुरतो. तरी एखादी बट उजळ राहिली तर ग्रुपमध्ये `Darken` मोडचा रिकामा लेयर घ्या, केसांचा गडद रंग उचला आणि ३० टक्के `Flow` ने त्या बटेवरून हात फिरवा. अगदीच तुटक, पाच-सहा केस उरले असतील तर ते मास्कमधून काढून टाका आणि दोन पिक्सेलच्या ब्रशने नवे ओढा. हरवलेले चार केस कुणाला जाणवत नाहीत, उजळ राहिलेला एक मात्र लगेच दिसतो.

मग खोलीचा उजेड द्या

आधी जुना रंग काढायचा, मगच नवा घालायचा, हा क्रम मोडू नका. दिव्याचा पिवळेपणा आधी लावला तर हनुवटीखालची पिवळट-हिरवी झाक त्यात मिसळून जाते, आणि मग कुठला पिवळा दिव्याचा आणि कुठला हिरवळीचा हे वेगळे करता येत नाही.

ग्रुपमध्ये सर्वात वर `Curves` घाला. खोलीतल्या सर्वात गडद जागेचे आकडे पाहा, समजा २२, १६, १२. केसांच्या सर्वात गडद जागा त्याच्या जवळ आणा, तीनही चॅनेल वेगवेगळे हलवून. शर्टाचा सर्वात उजळ भाग खोलीतल्या एखाद्या पांढऱ्या वस्तूशी, उशीशी किंवा कागदाशी जुळवा. दोन टोके जुळली की मधला भाग बहुतांशी आपोआप जुळतो.

आता जी झाक काढली तिच्या जागी खोलीची झाक द्या. लाकडी जमिनीचा रंग उचलून `Solid Color` लेयर ग्रुपमध्ये घाला, मोड `Color`, अपारदर्शकता १५ ते २० टक्के, मास्क काळा. हनुवटीखाली, हातांच्या खालच्या बाजूला आणि शर्टाच्या तळाला मऊ ब्रशने उघडा. हे वगळले तर हनुवटी राखाडी राहते आणि व्यक्ती खोलीत तरंगते.

दिव्याच्या बाजूची कड शेवटी. दिवा तिच्या मागून डोकावत असेल तर त्याचा उजेड कडेवर थोडा वळून आत येतो. खोलीच्या फोटोची प्रत घ्या, `Gaussian Blur` २५ पिक्सेल द्या, ग्रुपच्या वर ठेवून क्लिप करा आणि मोड `Lighten` करा. ग्रुपच्या मास्कवर `Ctrl` दाबून क्लिक करा, निवड `Select > Modify > Contract` ने ६ पिक्सेल आत घ्या, `Feather` ४ द्या, निवड उलटी करा आणि त्यावरून या लेयरला मास्क द्या. मग दिव्याजवळची कड सोडून बाकी सगळीकडे तो मास्क काळा करा. भिंत गडद आहे तिथे असा उजेड ठेवला तर नवीच पांढरी किनार तयार होते.

तपासणी

चाचणीचा लेयर चालू करा आणि कडेवरून एकदा सावकाश फिरा. हिरवा ठिपका दिसला तर तो मिक्सरच्या मास्कमध्ये चुकून काळा केलेला भाग असतो. मग तो बंद करून सर्वात वर काळ्या रंगाचा `Solid Color` लेयर `Color` मोडमध्ये ठेवा. चित्र कृष्णधवल होते आणि रंगाने झाकलेली उजळ रेघ उघडी पडते.

शेवटी खोलीतल्या एखाद्या वस्तूची, तिच्याइतक्याच अंतरावरची, कड ३०० टक्क्यांवर पाहा. खुर्चीची पाठ उजळाकडून गडदाकडे तीन पिक्सेलांत जात असेल आणि शर्टाची कड एका पिक्सेलात, तर ग्रुपच्या मास्कला ०.७ ते १ पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या, केसांचा भाग सोडून. खोलीच्या फोटोत दाणे असतील तर तेवढेच दाणे तिच्यावरही घाला: ग्रुपच्या वर क्लिप केलेला, ५० टक्के राखाडी भरलेला `Overlay` लेयर, आणि त्यावर `Add Noise` एकरंगी. सुरुवात २ टक्क्यांनी करा आणि शर्टाच्या सावलीतले दाणे भिंतीच्या सावलीतल्या दाण्यांशी जुळेपर्यंत वाढवा.